चार्जर परत मागवलाय, पण गावाला समजेल असं लिहायचं कसं?

काळी माती
यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून अठरा किलोमीटरवर माझं कृषी केंद्र आहे. परवा एका कंपनीचं पत्र डीलरमार्फत व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. यंदा जून ते ऑगस्टमध्ये विकलेल्या बॅटरीच्या फवारणी पंपांपैकी एका लॉटचा चार्जर त्यांनी परत मागवलाय. बॅटरी भरली की चार्जर आपोआप थांबायला पाहिजे, ते थांबवणारा भाग कच्चा निघाला. चार्जर चालूच राहतो, बॅटरी तापते, फुगते. एके ठिकाणी बोर्ड जळाल्याचं डीलर तोंडी म्हणाला, पत्रात मात्र ते नाही.

मी त्या लॉटचे ६४ पंप विकले. त्यातले ४१ उधारीच्या वहीत नावानिशी आहेत, २३ रोखीनं गेले. कंपनीनं मजकूर तयार दिलाय, तो असा: "ग्राहक सुरक्षिततेप्रती असलेल्या कटिबद्धतेचा भाग म्हणून सदर उत्पादनाच्या विशिष्ट तुकडीसंदर्भात ऐच्छिक माघार प्रक्रिया राबविण्यात येत असून ग्राहकांनी अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधून सहकार्य करावे."

हाच मजकूर गावाच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले आणि एकानं विचारलं, "कितीले देऊन रायले?" त्याला वाटलं काही स्कीम आहे. एकही चार्जर आला नाही. आता मी स्वतः लिहायचं म्हणतो. काय लिहू आणि पैसे परत कसे करू, कोणी हे केलंय का?

वऱ्हाडी ठेचा
थांबा बावा, माह्याकडं याच सीझनचा पंप हाय. तुमच्याकडचा नाई, दिग्रसकडून घेतला. रोज रात्री लावून झोपतो, कारण दिवसा लाइनचा भरोसा नाई. आन् लावतो कुठं, तर कापसाच्या खोलीत. पहिला वेचा झाला, ती गंजी तिथंच हाय. हिरवा लाइट तर मी आजवर पाह्यलाच नाई, मले वाटे तो असाच असते. आता काय करू?

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
ठेचाभाऊ, आधी तुमचं. बोर्डाचं बटन बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरीचा डबा कापसाच्या खोलीतून उचलून अंगणात फरशीवर नाहीतर मोकळ्या मातीवर ठेवा. बॅटरी फुगली असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर आत्ता हातही लावू नका. बटन बंद करा, दार-खिडकी उघडा, निवू द्या. मग इकडे या.

आता काळी माती, तुमचं. मी सव्वीस वर्षं विजेच्या सामानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली, त्यात दोनदा माल परत मागवलेला पाहिला. दोन्ही वेळा पहिली नोटीस वाया गेली, आणि कारण तेच होतं जे तुमच्या मजकुरात आहे. त्यात "करू नका" असं कुठंच नाही. वाचणाऱ्याला एकच गोष्ट पाहिजे असते, आज रात्री घरी जाऊन मी काय करू. ती पहिल्या ओळीत. कंपनीचं नाव, कटिबद्धता, दिलगिरी, हे सगळं खाली, किंवा नाहीच.

दुसरं म्हणजे ते लाल-हिरव्या दिव्याचं. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी आणि पावणेदोन अँपिअरचा चार्जर असेल, तर रिकामी बॅटरी साधारण सात-आठ तासांत भरते. साडेचौदा व्होल्टच्या आसपास चार्जरनं हात आखडता घ्यायला हवा आणि दिवा हिरवा व्हायला हवा. तो रात्रभर लालच राहिला, तर दोष असण्याची दाट शक्यता. पण उलटं धरू नका. दिवा हिरवा झाला म्हणजे चार्जर चांगला, असं होत नाही. कच्चा भाग दहा वेळा चालतो आणि अकराव्या वेळेला अडकतो. म्हणून नोटिशीत "दिवा बघून ठरवा" असं चुकूनही लिहू नका. लोक तेवढंच लक्षात ठेवतील.

हिशोबी अकोला
एवढं घाबरवायचं कशाला? साधं लिहा, "चार तासांपेक्षा जास्त चार्ज करू नये." बॅटरी भरतच नाही तर जास्त भरण्याचा प्रश्नच नाही. आणि पैशाचं म्हणाल तर बिल असेल त्यालाच. कायद्यानं दुकानदाराचा संबंध येत नाही, बनवणारा जबाबदार. बिल नसलेल्याला पैसे दिले तर उद्या दुसऱ्या दुकानाचे चार्जर तुमच्या काउंटरवर येतील.

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
शेवटचं वाक्य खरं आहे, त्याची सोय करावी लागेल. बाकीचं अर्धं. चार तासांत रिकामी बॅटरी भरणार नाही, हे बरोबर. पण शेतकरी अर्धी भरलेली बॅटरीही लावतो, ती चार तासांत भरून वर जाते. आणि घड्याळ लावून उठणार कोण? दिवसभर फवारलेला माणूस आठला झोपतो. "जपून वापरा" लिहिलं की माल परत येणं तिथंच संपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला सवलत दिली तो म्हणतो, मग एवढं काही नाही.

दुकानदाराचा संबंध नाही हेही तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणाऱ्याची जबाबदारी वेगळी सांगितली आहे. बनवणाऱ्यानं धोक्याची सूचना दिली आणि विकताना ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, त्यातून इजा झाली, तर विकणाराही अडकतो. तुमच्याकडे त्या लॉटचा एखादा पंप अजून शिल्लक असेल तर आज रात्रीच तो मांडणीवरून काढा.

काळी माती
सात शिल्लक होते. काढले. चार्जर वेगळे करून पोत्यात बांधले आणि पोत्यावर "विकू नये" लिहिलं. पोरगा दुकानात असतो, त्याला सांगून विसरला असता.

सोयाबीन एकरी पाच
माझं पण रिफंडचंच आहे. यंदा तीन पिशव्या सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी केली. कंपनीनं ते बियाणं परत मागवलं नाही. मला पैसे कुठून मिळतील?

हिशोबी अकोला
दादा, तो वेगळा विषय. उगवण नाही म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची असते, मग समिती शेतात येऊन पंचनामा करते. पिशवी, लेबल, पावती ठेवली का? पण ती तक्रार पीक शेतात असतानाच करायची. आता सोयाबीन काढलं असेल तर पंचनामा कशाचा करतील? वेगळा धागा काढा, इथं चार्जर चाललाय.

सोयाबीन एकरी पाच
काढलं. पिशव्या आहेत, एकीत कुटार भरलंय.

शुभांगी, आरोग्य सेविका
मी यवतमाळ जिल्ह्यातच काम करते. २०१७ ला फवारणीच्या विषबाधेत इथं माणसं गेली, तेव्हापासून फवारणीचं काही निघालं की मी वाचते. दोन गोष्टी सांगते.

पंप विकत घेतो शेतमालक, पण पाठीवर घेतो मजूर. बऱ्याचदा पंप मजुराच्या घरीच असतो, तोच चार्ज करतो. तुमच्या वहीत नाव मालकाचं आहे. तुम्ही मालकाला फोन केला, तो "हो हो" म्हणाला आणि विसरला, तर चार्जर मजुराच्या झोपडीत चालूच आहे. फोनवर एकच प्रश्न विचारा, "पंप आज रात्री कोणाच्या घरी आहे?" मग त्या माणसाशी बोला. आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, पोडावरचे, बरेच जण फवारणीला येतात, घरात ते कोलामी बोलतात. तिथं कागद चिकटवून उपयोग नाही. पोडावरच्या एखाद्या शिकलेल्या पोराकडून कोलामीत आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

दुसरं, "पंप घेऊन या" असं लिहू नका. लोक औषध लागलेला पंप काळी-पिवळीत मांडीवर घेऊन येतील, शेजारी लेकराला घेतलेली बाई बसलेली असेल. चार्जरच पाहिजे ना? मग "फक्त चार्जर आणा, पंप आणू नका" असं ठळक लिहा.

काळी माती
ताई, हे दोन्ही माझ्या डोक्यात नव्हतं. काल एकजण खरंच पंप घेऊन आला, टाकीत दोन लिटर औषध होतं.

पांढरं सोनं
माझा अडाणी प्रश्न. तुरीवर अळी आहे, परवा फवारायचं आहे. चार्जर तुम्हाला दिला तर मी फवारू कशानं? खरं सांगतो, नवा मिळेपर्यंत मी जुनाच लावीन. सगळेच लावतील.

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
अडाणी नाही, सगळ्या नोटिशी इथंच पडतात. धोका सांगितला तरी माणूस वस्तू सोडत नाही, कारण त्याचं काम अडतं. म्हणून "लावू नका" च्या लगेच खाली "मग काम कसं चालेल" हे आलं पाहिजे. काळी माती, नवे चार्जर कधी येतात?

काळी माती
डीलर म्हणतो दहा-बारा दिवस. माझ्याकडे दुसऱ्या लॉटचे, याच पंपाचे, सहा चांगले चार्जर आहेत.

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
मग दुकानात बॅटरी फुकट चार्ज करून द्या. सकाळी ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा. दिवसाला सहा बॅटऱ्या निघतील. फुगलेली, गळणारी, गरम बॅटरी चार्जिंगला घ्यायची नाही, ती सरळ परत मालात. आणि नोटिशीत आणखी एक ओळ लागेल: "दुसरा कोणताही चार्जर लावू नका." नाहीतर लोक मोटारसायकलच्या बॅटरीचा चार्जर लावतील, किंवा लिथियमवाल्या पंपाचा. पिन बसते म्हणून चालतो असं नाही. लिथियमचा चार्जर शिशाच्या बॅटरीला अर्धवट भरतो, आणि शिशाचा लिथियमला लावला तर मग खरी आग.

वऱ्हाडी ठेचा
मी ते करणार होतो. भाच्याच्या पंपाचा लावणार होतो. त्याचा लिथियमचा हाय. पिन बसून रायली होती मस्त.

हिशोबी अकोला
ठीक आहे, फुकट चार्जिंग पटलं. पण पैशाचं अजून कोणी बोललं नाही. बिल नाही त्याला काय द्यायचं?

काळी माती
कंपनीचं म्हणणं असं. चार्जर बदलून, किंवा नको असेल तर ३८० रुपये परत. बॅटरी फुगली असेल तर बॅटरी बदलून. पत्रात "खरेदीचा पुरावा" मागितलाय. आमच्याकडे पक्कं बिल मागणारा शेतकरी दहात दोन. माझी वही हाच पुरावा, पण कंपनी मानेल का?

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
मानायला लावा, आणि लेखी. डीलरला मेसेज टाका, "बिल नसल्यास चार्जरवरचा बॅच क्रमांक हाच पुरावा धरतो, हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवा." परत मागवायचा आहे माल, बिल नाही. तो क्रमांक त्यांच्या मालावर त्यांनीच छापला. बॅचचा असेल तर घ्या, कोणत्याही दुकानातला असो. हिशोबीभाऊंची भीती तिथं संपते. परत येणाऱ्या मालात दुकानाचा शिक्का शोधत बसलात, तर धोक्याचा चार्जर तुम्हीच घरी परत पाठवाल.

स्टिकर निघालेला चार्जर येईल, औषधानं आणि उन्हानं अक्षरं उडतात. तो संशयाचा धरून घ्याच. पैसे कंपनीनं कबूल केल्यावर द्या, पण चार्जर त्या माणसाकडे परत जाऊ देऊ नका.

आणि प्रत्येक चार्जर घेतला की त्याच्यासमोर क्रमांकाचा फोटो काढा, नोंद करा आणि वायर मधोमध कापा. कंपनीला आधी विचारून घ्या, काहींना तपासायला अखंड पाहिजे असतात. नाहीतर हेच चार्जर भंगारातून आठवडी बाजारात पन्नास रुपयांना परत येतात. फुगलेल्या बॅटऱ्या दुकानाच्या आत, खत-औषधाजवळ ठेवू नका. बाहेर, सावलीत, फरशीवर.

काळी माती
पहिला कच्चा मसुदा टाकतो, झोडा:

"ग्राहकांना सूचना. आपण खरेदी केलेल्या फवारणी पंपाच्या चार्जरमध्ये तांत्रिक बिघाड आढळल्याने सदर चार्जर वापरणे धोक्याचे ठरू शकते. कृपया दुकानात संपर्क साधावा."

शुभांगी, आरोग्य सेविका
"ठरू शकते" काढा. "संपर्क साधावा" म्हणजे काय करायचं? यायचं, फोन करायचा, कधी, कोणत्या वारी? आणि "तांत्रिक बिघाड" वाचून पोडावरचा सोडा, माझा भाऊसुद्धा पुढं वाचणार नाही.

वऱ्हाडी ठेचा
"सदर" पाह्यला की मले तहसील आठवते.

काळी माती
चार दिवस लागले. आज बाजाराच्या फळ्यावर लावलेला आणि कोतवालानं दवंडीत सांगितलेला मजकूर हा:

"फवारणी पंपाचा चार्जर बोर्डातून काढा. आजपासून लावू नका.
यंदा जून ते ऑगस्टमध्ये घेतलेल्या बॅटरी पंपाच्या काही चार्जरमध्ये दोष आहे. बॅटरी भरली तरी ते थांबत नाहीत. बॅटरी तापते, फुगते, घराला आग लागू शकते.
तुमचा चार्जर त्यातला आहे का? चार्जरच्या पाठीवर बॅच क्रमांक ०७ ने सुरू होत असेल तर आहे. क्रमांक दिसत नसेल तर तोही आणा. दिवा हिरवा होतो म्हणून वापरू नका.
बॅटरी कापूस, कुटार, गॅस यांच्यापासून दूर ठेवा. फुगली असेल तर उघडू नका. धूर दिसला तर आधी मेन स्विच बंद, मग बाहेर. लाइन चालू असताना पाणी टाकू नका. बॅटरीतलं पाणी अंगाला, डोळ्याला लागलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जा.
फवारणी थांबत नाही. पंपातून बॅटरी काढून, पुसून दुकानात आणा, फुकट चार्ज करून देतो. दुसरा चार्जर लावू नका.
फक्त चार्जर आणा, बिल असो-नसो. पंप आणू नका. नवा चार्जर मिळेल, नको असेल तर ३८० रुपये परत. फुगलेली बॅटरी बदलून मिळेल.
पैसे देण्यासाठी कोणी फोनवर पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
अडचण आली, कोणी नाही म्हणालं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५."

खाली माझा नंबर आणि दुकानाची वेळ. पिनची ओळ कालच घातली. शेजारच्या गावात एकाला "कंपनीचा रिफंड" म्हणून फोन आला होता, त्याला कोड स्कॅन करायला सांगितलं. स्कॅन करून पिन टाकला असता तर खात्यातून गेले असते.

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
चांगला. एकच सुचवतो, "बॅटरीतलं पाणी" ऐवजी "बॅटरीतलं अ‍ॅसिड". पाणी म्हटलं की कोणी घाबरत नाही.

काळी माती
बदललं.

आजपर्यंतचा हिशोब: व्हॉट्सअ‍ॅपवरून ९ आले. फोन करून, "पंप कोणाकडे आहे" विचारून २२. दवंडी आणि बाजारच्या फळ्यानंतर १४. कोलामीतला आवाज पोडावर गेला त्याच दिवशी ६, त्यातले चार वहीत नव्हतेच. आणि दिग्रस, आर्णीकडचे पाच, म्हणजे माझ्या दुकानाचे नसलेले. ते वगळून माझे ५१, १३ बाकी. फुगलेल्या बॅटऱ्या तीन. त्यातली एक कापसाच्या खोलीतून आली, डबा चक्क वाकडा झाला होता.

आता ज्यावर माझं आणि वडिलांचं भांडण चाललंय ते. उधारीवाल्याचे ३८० रुपये त्याच्या उधारीत वळते करावेत, असं वडील म्हणतात. नाहीतर कापूस विकेपर्यंत त्याचं देणं थांबलेलंच आहे.

पांढरं सोनं
वळते केले तर माणूस चार्जर आणणारच नाही. त्याला वाटेल दुकानदारानं फसवून वसुली काढली. हातात पैसे द्या, मग तो त्यातले दोनशे स्वतः देईल.

हिशोबी अकोला
अजिबात देणार नाही. वळते करा, फक्त त्याला विचारून आणि वहीत सही घेऊन. आजवर ज्यांनी चार्जर उधारीवर घेतला, त्यांना रोख परत दिलं तर तो तुमच्या खिशातून गेला.

शुभांगी, आरोग्य सेविका
ज्या मजुरानं आणला त्याच्या हातात काय पडलं? मालकाच्या वहीत वळते झाले. पुढच्या वेळी तो आणेल का?

काळी माती
त्याला जाण्या-येण्याचे वीस रुपये मी देतोय. ते कंपनीच्या पत्रात नाही.

महाडीबीटीवाला पंप
मी उशिरा आलो. माझा पंप अनुदानातून मिळालाय, दुकानातून नाही. पेटीवर वेगळंच नाव आहे, पण चार्जर हुबेहूब तुमच्या फोटोतला, पाठीवर ०७ पण आहे. मी कोणाकडे नेऊ? कृषी सहायक म्हणतात आम्हाला काही पत्र नाही.

बुटीबोरीचा जुना क्वालिटीवाला
चार्जर बनवणारा एक आणि त्यावर नावं पाच, असं होतं. आधी वापरणं बंद करा. पेटी, चार्जरच्या दोन्ही बाजू, बॅच क्रमांक यांचे फोटो काढून पुरवठादाराला आणि तालुका कृषी कार्यालयाला लेखी द्या, पोच घ्या. १९१५ वर नोंद करून तक्रारीचा क्रमांक घ्या. पैसे कोण देईल ते मला सांगता येत नाही, कारण पंपाला तुम्ही पैसे दिलेच नाहीत किंवा थोडेच दिलेत. पण चार्जर बदलून मिळायला हवा.

काळी माती
तोवर बॅटरी घेऊन या, चार्ज करून देतो. उद्या सकाळी नऊच्या आत या, सहाच जागा आहेत आणि दोन ठेचाभाऊंनी आधीच अडवल्यात.

वऱ्हाडी ठेचा
एक माही, एक भाच्याची. भाच्याची लिथियमची हाय, ती घेऊन येतो का नको?

काळी माती
नको. ती घरीच ठेव, त्याच्याच चार्जरनं.